उद्घाटन झालं म्हणजे विंग सुरू झाली असं नाही

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलच्या नव्या विंगचं उद्घाटन आहे आणि प्रेस नोट माझ्या गळ्यात पडली आहे. महत्त्वाची माहिती पहिल्याच परिच्छेदात हवी म्हणतात, पण त्यात नक्की काय घ्यायचं? आणि फोटो किती जोडायचे?

उत्तर:

पाहुण्यांची नावं सोडून बाकी सगळं. गंमत करत नाहीये.

मी नऊ वर्षं एका हॉस्पिटलात जनसंपर्काचं काम केलं. प्रसूती विभागाची नवी विंग झाली तेव्हा नोट मीच लिहिली. समारंभ रविवारी, १ तारखेला होता. पेशंट घेणार होते सोमवार, १६ तारखेपासून, कारण ऑक्सिजनच्या पाइपलाइनची तपासणी बाकी होती आणि रात्रपाळीच्या निम्म्या नर्सेस अजून रुजू व्हायच्या होत्या. मी पहिलं वाक्य १६ तारखेचं लिहिलं होतं. आमच्या संचालकांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "अध्यक्षांचं नाव तिसऱ्या परिच्छेदात? ही बातमी आहे की वेळापत्रक?" मग अध्यक्ष वर गेले, पाठोपाठ प्रमुख पाहुणे, विश्वस्त, त्यांची मनोगतं. १६ तारीख गेली शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. मी मान डोलावली. ते अजून डाचतं.

डेस्कवर जे होतं तेच झालं. चारशे शब्दांची नोट, जागा ऐंशी शब्दांची. उपसंपादक नोट पुन्हा लिहीत बसत नाही, खालून कापत वर येतो. सोमवारी सिंगल कॉलम छापून आला, मथळा 'नवी प्रसूती विंग सुरू'. तारखेचा पत्ताच नाही.

साडेआठला वॉचमनचा फोन आला. वर गेले तर दिवस भरलेली एक बाई भिंतीला हात टेकून उभी, शेजारी नवरा, त्याच्या हातात घडी घातलेला पेपर. आत खाटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. तो भांडला नाही. नुसतं बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, छापलंय ना इथे." तिला जुन्या वॉर्डात न्यायचं तर इमारतीला वळसा घालून मागच्या गेटने जायचं होतं. व्हीलचेअर येईपर्यंत ती तशीच उभी. संध्याकाळी सुखरूप मोकळी झाली, पण दुपारपर्यंत अशा आणखी चौघी येऊन गेल्या. संचालक म्हणाले, पेपरवाल्यांची चूक.

पेपरवाल्यांची नव्हती, सर. नोट त्याच क्रमाने लिहिली होती.

तेव्हा पहिला परिच्छेद असा हवा की खालचं सगळं कापलं तरी पेशंट चुकीच्या दिवशी, चुकीच्या दारात येणार नाही. माझा मूळ परिच्छेद साधारण असा होता:

"प्रसूती विभागाची ६० खाटांची नवी विंग सोमवार, १६ तारखेपासून रुग्णांसाठी खुली होणार आहे. पहिल्या टप्प्यात ३० खाटा सुरू होतील. प्रवेश पूर्वेकडील गेटने असून तातडीच्या रुग्णांसाठी तो चोवीस तास खुला राहील. तोपर्यंत प्रसूतीचे रुग्ण जुन्याच वॉर्डात दाखल केले जातील. विंगचे उद्घाटन रविवारी, १ तारखेला होईल."

शेवटचं वाक्य कापलं गेलं तरी कोणाचं बिघडत नाही, म्हणून ते शेवटी. 'उद्या', 'येत्या सोमवारी' असं लिहू नका. नोट दोन दिवस पडून राहिली की अर्थ बदलतो. वार आणि तारीख दोन्ही द्या. तुम्ही महिना आणि हॉस्पिटलचं नावही घालालच.

खाटांचा आकडा मात्र नर्सिंगच्या मुख्य सिस्टरकडून तपासून घ्या, बांधकामवाल्यांकडून नको. आमच्या ६० पैकी २४ खाटा जुन्या वॉर्डातूनच हलणार होत्या, म्हणजे खरी भर ३६ची. संचालकांना '६० खाटांची भर' हवी होती. एखाद्या बातमीदाराने जुन्या वॉर्डाचं काय होणार असं विचारलं असतं, तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं, त्यांना नाही.

फोटो दोन पुरेत. एक तरी विंगच्या आतला असू द्या, फीत कापतानाचे सगळीकडे सारखेच दिसतात. फोटोओळ नोटच्या मजकुरातच टाका. बाकी कोणी फोटोवालाच सांगेल.

हो, एक राहिलं. विंगला देणगीदाराचं नाव दिलं असेल तर ते पहिल्या वाक्यात यायलाच हवं; गेटवर तीच पाटी लागणार आणि लोक त्याच नावाने विचारत येणार. आणि काही ठिकाणी नोट जशीच्या तशी छापतात, तिथे क्रमावरून एवढं भांडायची गरज नाही. पण कुठे कापतील आणि कुठे नाही, हे आधी कळत नाही. त्यामुळे साहेब अडून बसले तर त्यांना सांगा की मान्यवरांचा परिच्छेद दुसरा ठेवते, पहिला नाही. मला तेव्हा एवढं बोलायचं सुचलं नाही.

आमच्या संचालकांनी ते कात्रण फ्रेम करून केबिनमध्ये लावलं होतं. मी नोकरी सोडली तेव्हाही ते तिथेच होतं, १६ तारखेशिवाय.