ओटीपीच्या सर्क्युलरमधून स्क्रिप्ट काढताना

अरे, ओटीपी फसवणुकीवरचं पूर्ण सर्क्युलर वाचून दाखवायचा व्हिडिओ करू नकोस, लोक दहाव्या सेकंदाला पुढे सरकवतात. त्यातला फसवणुकीचा एकच प्रकार घे, माझ्या मते रिफंडवाला कॉल, कारण त्यात माणूस पैसे येणार म्हणून खूश असतो आणि मेसेज नीट वाचतच नाही.

सुरुवात थेट कॉलने कर. "मॅडम, तुमचा २,००० चा रिफंड अडकलाय, आलेला नंबर सांगा पटकन, दोन मिनिटांत एक्स्पायर होईल." समोरचा घाई करतो ते ऐकू येऊ दे, फसवणूक त्या घाईवरच चालते. मग ती मेसेज उघडते आणि इथे आवाज बंद कर, स्क्रीनवर फक्त मेसेज, ओटीपीचे आकडे धूसर आणि "१९,५०० रुपये पेमेंटसाठी" ही ओळ मोठी. ही फ्रेम चार-पाच सेकंद राहू दे, वाचायला वेळ लागतो लोकांना. मग ती म्हणते, "पैसे यायला ओटीपी लागत नाही," आणि फोन ठेवते. सर्क्युलरमधलं "गोपनीय माहिती उघड करू नये" कुणाच्या लक्षात राहत नाही रे, हे वाक्य राहतं.

शेवटी हेही सांग, ओटीपी दिलाच असेल तर लगेच बँकेला फोन करून कार्ड, खातं ब्लॉक करायचं, आणि तो नंबर कार्डामागचा, गुगलवर शोधलेला नाही, तिथे खोटे नंबरही असतात. पूर्ण झाल्यावर कंप्लायन्सवाल्यांना दाखव, पण "पैसे यायला ओटीपी लागत नाही" हे वाक्य बदलू देऊ नकोस.