तापानंतर पुन्हा धावायला लागताना

पॅरासिटामॉल न घेता ताप आला नाही, असे सलग दोन-तीन दिवस गेले की मगच धावायचे बूट बाहेर काढ. गोळीने उतरलेला ताप धरायचा नाही.

सगळ्यात आधी कापायचा तो वेग: इंटरव्हल, टेम्पो, चढ बंद. त्यानंतर रविवारची लांब धाव. नवखे नेमके उलटे करतात, अंतर कमी करतात आणि वेग तोच ठेवतात.

समजा, आठवड्याला ३० किलोमीटर धावायचास आणि ताप चार दिवस होता. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड २०-२५ मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. एकूण १०-१२ किलोमीटर पुरे. दुसऱ्यात १८-२०, तिसऱ्यात २५. वेगाचा सराव चौथ्यात, तोही निम्मा.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोज. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असेल, तर त्या दिवशी फक्त चाल. घड्याळातला पेस बघूच नकोस. तो हमखास फसवतो.

छातीत दुखलं, धडधड झाली किंवा जिन्यावरही दम लागला तर धावणं थांबव आणि लगेच डॉक्टरकडे जा. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि तशात व्यायाम जिवावर बेतू शकतो.