वीस मेल, एकही उत्तर नाही

“मॅडम, मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या वीसेक हॉस्पिटलांना ऑब्झर्वरशिपसाठी मेल केले, एकाचंही उत्तर नाही. मार्क चांगले आहेत. कव्हर लेटरमध्येच काही चुकतंय का?”

मागच्या वर्षी मिरजेत शिकणारा एक मुलगा सांगलीला माझ्याकडे आला होता. वाळवा तालुक्यातला, घरी ऊस. त्याला अमेरिकेत किडनी विभागात चार आठवडे काढायचे होते. दोन पानी पत्र त्याने माझ्यासमोर ठेवलं. पहिलं पान लहानपणीच्या स्वप्नावर आणि हॉस्पिटलच्या स्तुतीवर खर्ची पडलं होतं. ते मी बाजूला ठेवलं, कारण खरी अडचण दुसऱ्या पानावर होती: “मी कोणतंही काम करायला तयार आहे. डायलिसिसला मदत करीन, कॅथेटर टाकीन.”

आपल्याकडे वॉर्डात असं म्हणणारा मुलगा सरांना आवडतो. तिकडे याच वाक्यावर पत्र बाजूला पडू शकतं. ऑब्झर्वर म्हणजे फक्त बघणारा. त्याने पेशंटला हात लावायचा नाही, केसपेपरवर लिहायचं नाही, औषध सुचवायचं नाही. तुम्हाला सोबत घेणारा डॉक्टर तुमची जबाबदारी घेत असतो. तुम्हाला मर्यादाच ठाऊक नाही असं पत्रातून दिसलं, तर तो कशाला धोका पत्करेल? म्हणून आम्ही तिथे साधं वाक्य घातलं: “मी फक्त निरीक्षक म्हणून येईन, पेशंटच्या उपचारात माझा सहभाग नसेल, हे मला माहीत आहे.”

मग मी विचारलं, “तुला तिथे नेमकं काय बघायचंय?” तो म्हणाला, “नेफ्रॉलॉजी.” हे उत्तर नव्हे, विभागाचं नाव झालं. जरा खोदल्यावर तो घोणसावर आला. ऊसतोडीच्या दिवसांत पायाला घोणस चावलेला एक माणूस त्याने वॉर्डात पाहिला होता. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांनीही गोठलं नव्हतं. सर्पविषाची लस दिली, तरी लघवी कमी होत गेली आणि शेवटी डायलिसिस लागलं. काही आठवड्यांनी लघवी सुटली, माणूस घरी गेला. “नंतर?” मी विचारलं. “नंतर तो फॉलोअपला आलाच नाही, मॅडम. किडनी किती सावरली, कुणालाच माहीत नाही.”

पत्र इथेच सापडलं होतं! किडनी अचानक बंद पडून सावरलेल्या पेशंटांना नंतर कसं बोलावतात, काय तपासतात, किती दिवस पाठपुरावा करतात, हे त्याला बघायचं होतं. मग त्याने अशी स्वतंत्र ओपीडी चालवणारे डॉक्टर वेबसाइटवर शोधले. त्याच्याही यादीतल्या वीसेक हॉस्पिटलांमधून तीनच नावं उरली. बरीच ठिकाणं आधीच गळली होती, कारण तिथे ऑब्झर्वर म्हणून पदवी झालेल्यांनाच घेत होते. विद्यार्थ्यांना कॉलेजमार्फत इलेक्टिव्हसाठी अर्ज करावा लागत होता. पात्रतेचा हा मजकूर तो वाचायचाच विसरला होता.

दुसऱ्या मसुद्यात उत्साहाच्या भरात त्याने त्या पेशंटचं वय, गाव आणि ‘आमच्या शेजारचे काका’ असंही लिहिलं. ते सगळं काढायला लावलं. पेशंटची ओळख कुणा परक्याला कळवणारा विद्यार्थी पेशंटच्या खोलीत कुणाला चालेल? “घोणसदंशानंतर किडनी बंद पडलेला एक रुग्ण” एवढं पुरतं.

‘पुढच्या वर्षी कधीही’ हेही खोडलं. तारखा ठरवणाऱ्या ऑफिसातल्या बाईंना त्यावरून काहीच करता येत नाही. निकाल आणि इंटर्नशिप यांच्यामधले चार आठवडे, आणि ते न जमल्यास एक पर्यायी काळ, असं लिहिलं. इंटर्नशिप सुरू झाल्यावर सुट्टी काढणं सोपं नसतं. पुढे एकाच वाक्यात डीनचं पत्र, मार्कशीट, लसीकरणाची नोंद आणि खर्च स्वतः करणार हे आलं. शिफारसपत्र हवंय, ही ओळ मीच काढली. चार आठवडे पाहिल्याशिवाय कुणी काय शिफारस करणार? आता पत्र पाऊण पानाचं झालं.

तिन्ही डॉक्टरांना त्याने नावानिशी, वेगवेगळं पत्र पाठवलं. एकाने नकार दिला, दुसऱ्याने काहीच कळवलं नाही. तिसऱ्यांच्या ऑफिसने कागद मागवले आणि त्यात क्षयरोगाची तपासणीही होती. त्याला लहानपणी बीसीजी टोचलेली, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी चालेल का असं त्याने आधीच विचारून घेतलं. ‘चालेल’ असं उत्तर आलं. त्या दिवशी तो मला भेटायला न येता थेट लॅबमध्ये गेला.