मनगट दुखतंय म्हणून मॅनेजरला पत्र: आधी टेप घ्या, मग लिहा

प्रश्न: मी अकाउंट्सला आहे, दिवसभर बिलांच्या एन्ट्री करते. उजवं मनगट दोन महिने दुखतंय. कीबोर्ड आणि टेबल बदलून मिळावं म्हणून मॅनेजरला पत्र द्यायचंय. रडगाणं वाटू नये असं कसं लिहू?

उत्तर:

मी पण अकाउंट्सवालीच, त्यामुळे दुखणं बरोब्बर कळलं. माझं पहिलं पत्र फुकट गेलं होतं, ते आधी सांगते. त्यात मी लिहिलं होतं की मनगट खूप दुखतं, कृपया एर्गोनॉमिक कीबोर्ड आणि चांगलं टेबल द्यावं. सर म्हणाले, अगं सगळ्यांनाच दुखतं, बाम लाव. राग आला तेव्हा, पण आता वाटतं त्या पत्रावरून त्यांनी करायचं तरी काय होतं? "चांगलं टेबल" म्हणजे नक्की काय मागवायचं हे ना त्यांना माहीत ना ॲडमिनला.

दुसऱ्या वेळी मी घरून शिवणाची टेप नेली. पाय जमिनीवर सपाट टेकवून, खांदे सैल सोडून बसायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि बाजूच्या मुलीला जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायला सांगायची. माझी आली २५ इंच (मी पाच फूट दोन). टेबल २९ इंच, वर कीबोर्डची जाडी साधारण इंचभर, म्हणजे बटणं ३० वर. पाच इंचांचा फरक! एवढ्या उंचावर हात ठेवायचा म्हणजे खांदे उचलले जातात, नाहीतर मनगट टेबलाच्या कडेवर टेकून मागे मोडतं आणि त्याच अवस्थेत आपण आठ तास बडवत बसतो. त्यात कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय उघडले की मनगट अजून मागे वळतं. ते आजच मिटवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मग वाटलं टेबल कापून खाली घ्यावं, पण आमच्याकडे सगळी टेबलं एका लायनीत जोडलेली, एकट्याचं खाली होणार नाही. कीबोर्डचा सरकता ट्रे लावायचा म्हटलं तर खाली ड्रॉवर, गुडघे अडकतात. म्हणून उलट केलं, टेबल खाली येत नाही तर मी वर जायचं. खुर्ची चार इंच वर घेतली तर पाय लोंबकळायला लागले आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतायला लागली, मग पायाखाली झेरॉक्सच्या कागदाची दोन रिमं ठेवली. एक रीम साधारण दोन इंच जाड असतं, म्हणजे हिशोब बरोबर बसला. अजून एक गोची निघाली, खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटायला लागले आणि पुढे सरकताच येईना. ते हात काढावे लागले, चार स्क्रूचं काम. आणि आपण वर गेलो की स्क्रीन खाली जाते, मान वाकते, तर तिच्याखाली पण दोन रिमं. हे सगळं आठवडाभर असं जुगाड करून बघितलं आणि मगच पत्र लिहिलं. कारण तेव्हा मला माहीत होतं नक्की काय मागायचंय.

कीबोर्डचं वेगळं. आपल्याला नंबरपॅड लागतोच, पण तो उजवीकडे असल्यामुळे माउस तीन-चार इंच आणखी लांब जातो आणि दिवसभर हात बाहेर ताणलेला राहतो. म्हणून मी नंबरपॅड नसलेला पातळ कीबोर्ड आणि सुटा नंबरपॅड मागितला. सुटा नंबरपॅड डावीकडे ठेवते, पहिले पंधरा दिवस वैताग आला, चुका झाल्या, मग सवय झाली. मऊ उशी मिळते ना मनगटाखाली ठेवायची, ती मागू नका. टाइप करताना त्यावर मनगट दाबून ठेवलं तर नेमका तिथेच दाब येतो.

पत्र मी इंग्रजीत मेल केलं होतं, मराठीत साधारण असं:

"सर, गेले दोन महिने माझं उजवं मनगट दुखतंय. दुपारी तीननंतर एन्ट्रीचा वेग कमी होतो आणि रकमा दोनदा तपासाव्या लागतात. डॉक्टरांना दाखवलं आहे, बसण्याची उंची दुरुस्त करायला सांगितली आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे. मोजलं तर कीबोर्ड माझ्या कोपरापेक्षा पाच इंच उंच येतो. आठवडाभर खुर्ची वर घेऊन आणि पायाखाली कागदाची रिमं ठेवून काम केलं, त्यात फरक जाणवला. म्हणून विनंती: ॲडमिनकडून चार इंचांचा फूटरेस्ट आणि स्क्रीनखाली स्टँड, तसंच खुर्चीचे हात काढून मिळावेत. आयटीकडून नंबरपॅड नसलेला पातळ कीबोर्ड आणि सुटा नंबरपॅड मिळावा. टेबल बदलायची गरज नाही. महिनाभर वापरून उपयोग झाला की नाही ते कळवेन. महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या आधी मिळालं तर बरं होईल."

बस, एवढंच. ॲडमिन आणि आयटी वेगळं का लिहिलं? कारण मॅनेजर स्वतः काही विकत घेत नाही, तो फॉरवर्ड करतो, त्याला नुसतं बटण दाबता आलं पाहिजे. "टेबल बदलायची गरज नाही" हे वाक्य वाचूनच सर हसले म्हणे, त्यांना वाटलं होतं मी पूर्ण फर्निचर मागणार. कीबोर्ड स्वतःच्या पैशाने आणून जोडू नका, बऱ्याच ठिकाणी बाहेरचं काही लावलं की आयटीवाले ओरडतात, आणि मग मूळ मागणी राहते बाजूला.

पत्रात आजाराचं नाव स्वतःच्या मनाने टाकू नका. मला गुगल करून कार्पल टनेल लिहायचं होतं, मैत्रिणीने थांबवलं. पण डॉक्टरांकडे जाच, आणि रात्री अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, किंवा कप हातातून सुटत असेल तर पत्राच्या आधी जा. ते मधल्या नसेवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. करंगळी बधिर होत असेल तर ती नस दुसरी, तिथे कोपर टेबलावर टेकवून बसायची सवय आहे का तेही बघतात. मला मनगट मिनिटभर वाकवून धरायला लावलं, नंतर नसेची तपासणी केली आणि रात्री लावायला पट्टा दिला. कंपनीला मी फक्त बसण्याची उंची बदला असं लिहिलेली एका ओळीची चिठ्ठी दिली, रिपोर्ट नाही. रिपोर्ट फायलीत फिरायला कशाला हवा.

मला फूटरेस्ट आठवड्यात आला, कीबोर्डला दीड महिना लागला. तोंडी "हो बघतो" म्हणाले तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका की आज बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक अमुक येणार आहे, नाहीतर पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून.

आणि तुम्ही लॅपटॉपवर काम करत असाल तर वरची मोजणी तशीच करा पण वेगळा कीबोर्ड आणि माउस सगळ्यात आधी मागा, कारण लॅपटॉपची स्क्रीन डोळ्यासमोर आणली की बटणं हनुवटीखाली येतात.