खान्देशी, जळगावकर आणि तो 'वासीय'

प्रश्न: 'खान्देशात राहणाऱ्याला खान्देशकर म्हणायचं की खान्देशी? आणि जळगाववासीय, धुळेवासीय हे शब्द बरोबर आहेत का? खात्री कुठे करायची?'

खान्देशी. खान्देशकर कोणी म्हणत नाही, लिहूही नये. आणि 'वासीय' हा शब्द मराठीत नकोच आहे. दिवाळी आली की आमच्या चौकात 'समस्त शहरवासीयांना' असा फलक लागतो. दरवर्षी मी छपाईवाल्याला सांगतो, दरवर्षी तो म्हणतो की पेपरात असंच येतं. पेपरात येतं हे खरं आहे, म्हणून आधी त्याचाच निकाल लावतो.

'वासी' म्हणजेच राहणारा. त्याला आणखी 'ईय' लावून काहीच वाढत नाही. मग हा 'य' आला कुठून? माझ्या मते हिंदीतून, आणि तोही अनेकवचनातून. हिंदीत 'देशवासी'चं 'देशवासियों को' होतं. भाषणं आणि बातम्या घाईने मराठीत आणताना त्याचं 'देशवासीयांना' झालं आणि मग कोणीतरी उलट हिशेब करून 'देशवासीय' असा मूळ शब्द कल्पिला. मराठीची स्वतःची रीत वेगळी आहे. 'रहिवासी'चं आपण 'रहिवाशांना' करतो, 'आदिवासी'चं 'आदिवासींना'. 'रहिवासीय' किंवा 'आदिवासीय' असं अजून कोणी म्हणत नाही, यावरूनच 'वासीय' किती उपरा आहे ते कळतं.

आता कर आणि ई. गावाला 'कर' लागतो, मुलखाला 'ई'. म्हणून भुसावळकर, अमळनेरकर, यावलकर, चाळीसगावकर. पण खान्देशी, वऱ्हाडी, कोकणी. देशांचंही तसंच आहे. नेपाळी, जपानी म्हणतो, जपानकर म्हणत नाही, पण लंडनकर आणि दुबईकर सहज म्हणतो, कारण ती शहरं आहेत. गोवेकर हा ठळक अपवाद आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

दुसरा फरक जास्त कामाचा आहे. 'ई' माणसालाही लागते आणि वस्तूलाही, 'कर' फक्त माणसाला लागतो. कोल्हापुरी चप्पल असते, कोल्हापूरकर चप्पल नसते. खान्देशी भरीत असतं, पण भरताला जळगावकर म्हणता येत नाही, ते जळगावचं भरीत. कुठला प्रत्यय लावायचा असा संभ्रम पडला की शब्दापुढे एक वांगं ठेवून पाहावं. वांग्याला चालला तर तो 'ई'च्या घरचा. या 'ई'ची अडचण एवढीच की तिचं नाम नीट उभं राहत नाही. 'खान्देशींना' कानाला अडखळतं, 'खान्देशी माणसांना' म्हणावं लागतं. माझा अंदाज असा की 'खान्देशवासीय' लिहिणारे याच अडचणीतून पळवाट काढत असतात.

आता मूळ गोष्ट, म्हणजे हा 'कर' आहे तरी कोण?

एका व्याख्यानात एका विद्वानांनी सांगितलं की हा महसुलाचा कर. ज्या गावाला कर भरायचा त्या गावचा तो 'कर'. टाळ्याही पडल्या. पण कर तर मुलूखही भरत होता, मग खान्देशकर का झाला नाही? याला उत्तर नाही. शाळेच्या व्याकरणातला दुसरा पक्ष म्हणतो की हा संस्कृत 'कृ'चा कर, दिनकर-प्रभाकरातला, म्हणजे करणारा. दिनकर दिवस करतो, शेतकरी शेती करतो, वारकरी वारी करतो. जळगावकर जळगाव करतो का? राहण्याला 'करणं' म्हणायची चाल आपल्याकडे नाही. हा पक्ष पुस्तकापुस्तकांतून नुसता उतरवला गेला आहे, कोणी हाताने तपासलेला दिसत नाही.

माझं मत असं की हा 'कर' जुना षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या 'चा'चा चुलत भाऊ. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र आहे: 'इदमर्थस्य केरः'. 'हे अमक्याचं' असा अर्थ दाखवायला 'केर' लावा, असं ते सांगतं, आणि उदाहरणं आहेत 'तुम्हकेरो', 'अम्हकेरो', म्हणजे तुमचा, आमचा. हा केर पूर्वेकडे आजही जिवंत आहे. बंगालीत रामाचं ते 'रामेर', तो 'एर' याच्याच वंशातला.

पण मला पटलं ते पुस्तकामुळे नाही, भुसावळच्या फलाटावर. पूर्वेकडे जाणारी गाडी लागली होती. एक म्हातारा बाकाखालची पिशवी उचलून आजूबाजूच्या मंडळींना विचारत होता, 'ई केकर झोरा ह?' ही कोणाची पिशवी? 'केकर' म्हणजे कोणाचा, 'ओकर' म्हणजे त्याचा. भोजपुरीत हे रोजचे शब्द आहेत आणि त्यांच्या शेवटी चक्क 'कर' उभा आहे, 'केर'मधला 'ए' गळून. मी तिथेच थांबलो. ओकर म्हणजे त्याचा, तर जळगावकर म्हणजे जळगावचा!

हे खान्देशातल्या माणसाला तरी लगेच पटायला हवं. आपल्याकडे ओळख काढताना काय विचारतात? 'तू कुठला?' उत्तर येतं, 'मी जळगावचा.' अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'चा'च्या जागी 'ना' येतो, म्हणून तोच माणूस घरी म्हणतो, 'मी जयगावना.' म्हणजे गावकऱ्याचं नाव मुळात षष्ठीच असते, माणूस गावाच्या मालकीचा. मराठीत 'चा'ने पुढे सगळा प्रांत व्यापला आणि जुना 'कर' फक्त गावांच्या नावांना चिकटून उरला.

यावर हरकत येते ती गोव्याकडून. कोकणीत 'गोंयकार' म्हणतात, दीर्घ 'का', मग तो कुंभकारातला 'कार' म्हणजे करणाराच नव्हे का? हरकत वजनदार आहे आणि मी ती झटकत नाही. पण गोंयकारही गोवा 'करत' नाही, तिथला असतो. अर्थ षष्ठीचा आणि रूप कर्त्याचं, असा तो प्रकार आहे. कुंभकार-सोनकारांच्या रांगेत उभं राहून जुन्या 'कर'ने तिथे 'कार'चा वेश घेतला असावा. गोव्यासारख्या मुलखाला हा प्रत्यय कसा लागला, हे मात्र माझ्या नियमाला पडलेलं भोक आहे आणि ते मी मान्य करतो.

प्रश्नात खात्रीचंही विचारलं आहे. कोशाकडे जाऊ नका, गावांची अशी रूपं कोशात फारशी नसतात. आधी आडनावं पाहा. पारोळ्याचं उदाहरण घ्या. पारोळाकर की पारोळेकर? पारोळेकर हे आडनाव आहे, तेव्हा वाद मिटला. पण हा 'ए' का? शेजारी वेंगुर्लेकर, बडोदेकर, कारंजेकर ठेवा. आज पाटीवर वेंगुर्ला, बडोदा, कारंजा असतं. पण मराठीत बडोदे आणि वेंगुर्ले असंही म्हणतात, पारोळे असंही लिहितात. म्हणजे आडनावाने गावाचं एकारान्त रूप धरून ठेवलं आणि सरकारी पाटीवर आकारान्त रूप चढलं. त्याच न्यायाने शहाद्याचा तो शहादेकर. सातारकर मात्र या रांगेत बसत नाही, तिथे शेवटचा 'आ' सरळ गळतो. म्हणून नियमावरून रूप बनवल्यावरही ते लोकांच्या तोंडी आहे का, हे पाहावंच लागतं.

लिहिताना एक चूक फार होते. 'शिरपुरात', 'शिरपुरी' यांत 'पु' ऱ्हस्व असतो म्हणून लोक 'शिरपुरकर' लिहितात. 'कर' गावाच्या अख्ख्या नावाला लागतो, सामान्यरूपाला नाही. म्हणून शिरपूरकर, कोल्हापूरकर, चिपळूणकर, सगळे दीर्घ.

आणि आडनाव रूपाची साक्ष देतं, राहण्याची नाही. घटना समितीत हिंदुस्तानीतूनच बोलण्याचा आग्रह धरणारे र. वि. धुळेकर झाशीचे होते. पुढे ते पहिल्या लोकसभेत गेले तेही झाशीकडूनच. शिवाय एका नावाची गावं अनेक असतात. जळगाव जामोद बुलढाणा जिल्ह्यात आहे, तेव्हा आडनावाने जळगावकर असलेला माणूस खान्देशचा असेलच असं नाही.

म्हणून आडनावानंतर गावात जा आणि 'तुम्हाला काय म्हणतात?' असं विचारू नका. असं विचारलं की माणूस सावरून बसतो आणि पुस्तकी रूप सांगतो. त्याऐवजी शेजारच्या गावाबद्दल बोलतं करा. साक्रीच्या माणसासमोर धुळ्याच्या बाजारभावाची गोष्ट काढा. दोन मिनिटांत तो म्हणेल, 'हे धुळेकर असंच करतात.' ते रूप खरं, कारण ते रागात आलेलं असतं. आजवर रागावून 'हे धुळेवासीय असंच करतात' म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

फलक लावायचा असेल तर 'समस्त जळगावकरांना' लिहा. आणि मजकूर सगळ्या खान्देशासाठी असेल, तर 'खान्देशातल्या सर्वांना'.