परिपाठात बीएमआयबद्दल बोलताना

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज आणि भाषणाचा मसुदा दोन्ही मिळाले. शाळेची आरोग्य तपासणी पार पडली आणि आता मुख्याध्यापिकांना वाटतंय की शनिवारच्या परिपाठात तू दहा मिनिटं 'मुलांना वजनाबद्दल चार गोष्टी' सांगाव्यास. जरूर सांग. पण 'तुम्ही जसे आहात तसेच सुंदर आहात' हे पहिलं वाक्य काढून टाक. 'सुंदर' म्हटलंस की नववीच्या मागच्या रांगेत कोणीतरी कोणालातरी कोपर मारणार आणि पुढची पाच मिनिटं ती रांग तुझी राहणार नाही. शिवाय वजनाच्या आकड्यावर बोलायला उभं राहून पहिली गोष्ट रूपाची काढलीस, म्हणजे या दोन्हींचा संबंध आहे हे तूच कबूल केल्यासारखं झालं.

शेवटी लिहिलेलं 'बीएमआयला काही अर्थ नाही' हेही काढ. अर्थ आहे. नसता तर गेला आठवडाभर तू त्या दमट हॉलमध्ये काटा घेऊन कशाला बसली असतीस?

सुरुवात स्टेशनवरच्या वजनयंत्रापासून कर. लाल-पिवळे दिवे लुकलुकणारी ती यंत्रं हल्ली कमीच दिसतात, पण आईबाबांना विचारलं तर सगळे सांगतील. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा स्वभाव: तुम्ही उदार आहात, कष्टाळू आहात, असलं काहीबाही. यंत्राला स्वभाव कुठून कळणार, हे सहावीतलं पोरही ओळखतं. मग त्यांना विचार, वर्गात कोणाचं वजन कळल्यावर 'आळशी', 'खादाड', 'हडकुळी' हे तिकिटाच्या मागे कोण छापतं? एवढं विचारून पुढे जा, उत्तराची वाट बघू नकोस.

मग बीएमआय हा आकडा आला कुठून ते सांग. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच गणित. ते सुचलं 1830च्या दशकात क्वेटलेट नावाच्या बेल्जियन माणसाला. तो डॉक्टर नव्हता, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. हजारो माणसांच्या मापांतून 'सरासरी माणूस' कसा असतो ते त्याला शोधायचं होतं, आणि मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे त्याला दिसलं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर 1972 साली अँसेल कीज यांनी दिलं. सांगायचा मुद्दा असा की हे माप जन्मालाच आलं ते घोळक्यासाठी. एकट्या माणसाला ते लावलं की ते अर्धंमुर्धं बोलतं.

किती अर्धं, हे दाखवायला आपल्या घरचंच उदाहरण आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी आपला शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. एक पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, असं त्या लेखातच लिहिलं आहे. पोरं हसतील. हसू दे. मग सांग की एका आकड्यामागे दोन इतकी वेगळी शरीरं असू शकतात, आणि 'नॉर्मल' आकड्याचा बारीक मुलगासुद्धा आपोआप सुटत नाही.

यातला दुसरा पदर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळीकडून बारीक, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे शरीराची घडण काही अंशी जन्माआधीच ठरत आलेली असते. ज्या गोष्टीची सुरुवात पोटात असताना झाली, तिच्यावरून नववीतल्या मुलाची लायकी कशी ठरवणार? हे मात्र स्टेजवरून जपून बोल. समोरच्या मुलांनी घरी जाऊन आईला जाब विचारावा, असं आपल्याला नकोय.

आता गणित. खडूने फळ्यावर एकच उदाहरण सोडव आणि मुलगी काल्पनिक घे. कोणालाही पुढे बोलावून काट्यावर उभं करू नकोस. तेरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी, उंची 152 सेंटिमीटर, वजन 50 किलो. बीएमआय 21.6. मोठ्यांच्या 23 किंवा 25 या रेघा इथे चालत नाहीत, कारण वाढत्या वयात रेघही वयाबरोबर वर सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या तक्त्यात तेरा वर्षांच्या मुलीसाठी जादा वजनाची रेघ 21.8ला आहे. मुलगी जेमतेम आत. वर्षभरात ती पाच सेंटिमीटर वाढली आणि वजन चार किलोने वाढून 54 झालं. घरात हलकल्लोळ: चार किलो! पण नवा आकडा येतो 21.9, आणि चौदाव्या वर्षाची रेघ आहे 22.7ला. वजन वाढलं आणि मुलगी रेघेपासून लांब गेली. या वयात अंग भरणं हा वाढीचाच भाग आहे, हे आठवीच्या मुलींना कोणीतरी एकदा तरी स्पष्ट सांगायला हवं.

तीच मुलगी पुन्हा घे. भिंतीवरची उंचीची कागदी पट्टी कोणीतरी जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर चिकटवली आहे. उंची भरली 150, बीएमआय झाला 22.2, मुलगी रेघेबाहेर. तिच्या शरीरात काहीच बदललं नाही, पट्टी चुकली. असली पट्टी मी एका शाळेत पाहिली आहे, अख्खी शाळा तिच्यावर मोजून झाली होती. आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2015चा तक्ता घेतलास तर त्यातल्या रेघा आणखी खाली आहेत, कारण आपल्याकडे मधुमेहासारखे त्रास कमी वजनालाच सुरू होतात. म्हणजे एकच मुलगी एका तक्त्यावर आत आणि दुसऱ्यावर बाहेर असू शकते. धोका कुठून वाढतो याचा अंदाज घेऊन माणसांनी त्या रेघा आखल्या आहेत. पास-नापासाच्या पस्तीस मार्कांसारखं त्यांच्याकडे बघू नका, असं सांग.

धोका म्हणजे काय, हे एका वाक्यात उरकू नकोस. रेघेपलीकडच्या शंभर मुलांत पुढे रक्तदाब, मधुमेह, लिव्हरवर चरबी असं निघणारी मुलं रेघेआतल्या शंभरांपेक्षा जास्त असतात. त्या शंभरातलं नेमकं कोण, ते आकडा सांगत नाही. त्यासाठी घरात कोणाला मधुमेह आहे का, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, रक्तदाब किती, हे बघावं लागतं.

आणि मान बघावी लागते. मानेच्या मागे, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी लागणारी त्वचा. तू ओपीडीत रोज पाहतेस. आया ती बेसन-हळदीने, लिंबाने, कधी चक्क घासणीने घासून आणतात आणि वर्गात त्याच मुलाला 'आंघोळ करत नाही' म्हणून चिडवतात. हा मळ नसतो. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्वचा जाड होते. घासून जाणार नाही, डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासू, हे भर सभेत बोल. तुझ्या सगळ्या भाषणात एखाद्या मुलाला याच एका वाक्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

यादीच्या दुसऱ्या टोकाला विसरू नकोस. 152 सेंटिमीटरला 34 किलोची मुलगी 14.7ला येते, तेराव्या वर्षाच्या 14.9च्या खालच्या रेघेखाली. तिला सगळे 'नशीबवान, काही खा' म्हणतात आणि हिमोग्लोबिन कोणी बघत नाही. आणखी एक प्रकार असतो, तो सहज नजरेतून सुटतो. रेघेबाहेरची मुलगी डबा परत आणायला लागते, तीन महिन्यांत आठ किलो उतरते, आकडा झकास 'नॉर्मल'मध्ये येतो, नातेवाईक कौतुक करतात, आणि तिची पाळी बंद झालेली असते. आकडा सुधारला आणि धोका वाढला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016मध्येच बजावलं आहे की किशोरवयात डाएटिंग आणि घरातली वजनाची बोलणी यांतून खाण्याचे विकारही वाढतात आणि वजनही. म्हणून मुलांना 'वजन उतरवा' म्हणू नकोस. उंची वाढत असेल तर बऱ्याच मुलांना वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी पुरतं, आणि ते ठरवायचं मोजल्यानंतर, डॉक्टरांबरोबर.

भाषणाच्या आधी मुख्याध्यापिकांशी बोलून घे. आकड्यांची यादी वर्गात वाचली जाणार नाही, चिठ्ठी बंद पाकिटातून पालकांकडे जाईल आणि पीटीचे सर 'ए जाड्या, दोन राउंड जास्त' म्हणणार नाहीत. यातलं तिसरं मिळवायला सगळ्यात कठीण. सरांना बाजूला घेऊन, चहा पाजून सांग. चारचौघांत सांगितलंस तर ते ऐकणार नाहीत.

प्रश्न विचारा म्हणालीस की पहिला येईल वडापावचा. बंदी घालू नकोस, आठवड्यातून किती खाता आणि सोबत थंडा घेता का ते विचार. दुसरा येईल, 'मॅडम, तुमचा बीएमआय किती?' सांगायचा असेल तर तिथीचा आकडा सांगावा तसा सांग, नसेल तर 'तो मी माझ्या डॉक्टरांना सांगते' म्हण. पोट मात्र आत ओढू नकोस, मुलं तेच बघत असतात.

भाषण झाल्यावर तासभर लायब्ररीत बस, दार लोटून. जी येतील त्यांची उंची पुन्हा मोज: बूट काढून, अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडून, टाचा भिंतीला लावून. आपल्या विभागातली उंचीची लाकडी पट्टी शुक्रवारीच घेऊन ठेव, किल्ली सिस्टरांकडे आहे.

तुझी,
मॅडम