पहिल्यांदा बेंचवर बसण्याआधी

प्रिय,

पुढच्या आठवड्यात अंतर्गत मूटच्या, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या, फेऱ्यांना परीक्षक म्हणून बसायचं आहे, स्कोअरशीट हातात आली आहे आणि ती बघून धडकी भरली आहे, असं तू कळवलंस. बाकीच्या गोष्टी आयोजक सांगतीलच. मी तुला एकच गोष्ट नीट सांगते, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नव्हती: गुण डोक्यातून द्यायचे नाहीत, टिपणातून द्यायचे.

मी पहिली फेरी तपासली तेव्हा उलटं केलं होतं. अपीलकर्त्याच्या बाजूचा स्पीकर उभा राहिला, खणखणीत आवाज, कागदाकडे न बघता बोलणं. तिसऱ्या मिनिटालाच माझ्या मनात ‘८५’ हा आकडा बसला. नंतर मी रकाने भरले ते बेरीज ८५ व्हावी म्हणून. प्रत्येक रकान्यात काय ऐकलं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फेरीनंतर दुसऱ्या बाजूची मुलगी माझ्याकडे आली आणि तिने शांतपणे विचारलं, ‘प्रश्नांच्या उत्तरात माझं काय चुकलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती फेरी मी नंतर टिपणांवरून पुन्हा तपासली, तीच तुझ्यासमोर मांडते.

मूट प्रॉब्लेम असा होता. एका छापखान्याच्या यंत्राचा भाग तुटला. तो दुरुस्तीसाठी बनवणाऱ्याकडे पोचवायला एका वाहतूक कंपनीकडे दिला. कंपनीने पाच दिवस उशीर केला, छापखाना बंद राहिला आणि एक मोठी ऑर्डर हातची गेली. त्या ऑर्डरचा नफा कंपनीकडून वसूल करता येईल का, एवढाच वाद. अर्थात दोन्ही बाजू हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या १८५४ च्या निकालावर उभ्या होत्या. त्यात गिरणीचा तुटलेला दांडा वाहतूक कंपनीने उशिरा पोचवला होता आणि बुडालेला नफा गिरणीवाल्यांना मिळाला नव्हता. नुकसान एकतर करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारं हवं, नाहीतर करार करताना दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर असू शकेल असं हवं, हा त्यातला नियम तुला पाठ आहेच.

आमची स्कोअरशीट १०० गुणांची होती. कायद्याची मांडणी ३०, वस्तुस्थितीचा वापर २०, प्रश्नांची उत्तरं २५, रचना आणि वेळ १५, न्यायालयीन वर्तन १०. तुझी वेगळी असेल, पण काम तेच. फेरी सुरू होण्याआधी प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने दोन-तीन ओळी लिही: किती गुण म्हणजे काय. मी आता प्रश्नांच्या रकान्यासमोर असं लिहिते: आधी थेट उत्तर, मग कारण, मग आपल्या मुद्द्याकडे परत, तर २० किंवा त्याहून जास्त. उत्तर आलं पण फिरून फिरून, तर १३ ते १९. प्रश्न टाळला, तर १२ किंवा त्याखाली. शक्य असेल तर या ओळी सहपरीक्षकांना आधीच दाखव. फेरी सुरू झाल्यावर मात्र नियम परवानगी देत नसतील तर गुणांबद्दल एकमेकांत बोलू नका.

आता ते दोन स्पीकर. पहिला, म्हणजे अपीलकर्त्या वाहतूक कंपनीच्या बाजूने बोलणारा, त्याला बेंचने विचारलं: ‘हॅडलीच्या छापील हेडनोटमध्ये असं आहे की गिरणी बंद आहे आणि दांडा ताबडतोब पोचवायला हवा, हे कारकुनाला सांगितलं होतं. मग गिरणीवाले हरले कसे?’ प्रश्न अवघड आहे, पण गैर नाही. हेडनोट म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, तो निकालाचा भाग नसतो. निकालाच्या मजकुरात न्यायालयाने धरलेली माहिती एवढीच आहे की वस्तू म्हणजे गिरणीचा तुटलेला दांडा आणि पाठवणारे त्या गिरणीचे मालक. गिरणीवाल्यांकडे दुसरा दांडा असू शकला असता, म्हणून एवढ्यावरून गिरणी बंद पडेल हे कंपनीला कळणं बंधनकारक नव्हतं. ही विसंगती पुढे १९४९ च्या व्हिक्टोरिया लॉन्ड्री निकालात स्पष्टपणे नोंदली गेली आणि ती हेडनोट दिशाभूल करणारी आहे असं तिथे म्हटलं गेलं. हे सगळं त्या स्पीकरला माहीत असायलाच हवं होतं असं नाही. ‘माझा आधार हेडनोट नाही, निकालाचा मजकूर आहे’ एवढं तो म्हणाला असता तरी पुष्कळ होतं. तो म्हणाला, ‘युअर लॉर्डशिप, याकडे मी तिसऱ्या सबमिशनमध्ये येईन.’ आवाज इतका ठाम होता की आम्ही तिघंही पुढे सरकलो. तिसऱ्या सबमिशनमध्ये तो विषय आलाच नाही.

माझ्या टिपणात ते होतं: ‘६:४०, हेडनोटचा प्रश्न, नंतर येतो म्हणाला.’ आणि त्यापुढे रिकामी जागा. ती रिकामी जागा हाच पुरावा. म्हणून टिपणाची रीत अशी ठेव: डाव्या बाजूला मिनिट, मध्ये प्रश्न दोन-तीन शब्दांत, उजवीकडे उत्तर, शक्य तितकं स्पीकरच्याच शब्दांत. ‘छान’, ‘गोंधळली’ असे शेरे लिहू नकोस. ते मत आहे, घडलेली गोष्ट नाही, आणि अर्ध्या तासाने तुलाच त्याचा अर्थ लागणार नाही. उत्तर पुढे ढकललं गेलं की उजवीकडे मोठा गोल काढ आणि ते आलं की तो गोल खोड.

छापखान्याच्या बाजूची ती मुलगी अडखळत बोलत होती. तिला विचारलं: ‘परिच्छेद ७ मध्ये पार्सलच्या चिठ्ठीवर फक्त “अतिशय तातडीचं” असं आहे. यंत्र बंद आहे हे कंपनीला कुठे कळलं?’ ती थांबली. माझ्या टिपणात ‘४ सेकंद’ असं आहे. मग तिने पान उलटलं आणि म्हणाली, ‘परिच्छेद ७ मधून ते कळत नाही, हे मला मान्य आहे. पण परिच्छेद ९ प्रमाणे मागच्या वर्षी याच यंत्राचा हाच भाग याच कंपनीने दोनदा नेला आहे. करार करताना कंपनीला काय माहीत होतं, याचा माझा आधार तो आहे.’

हे नीट बघ. जे मान्य करायला हवं ते तिने मान्य केलं, पण तेवढंच. आणि त्याच श्वासात नियमाच्या दुसऱ्या भागाला लागू पडणारी वस्तुस्थिती परिच्छेद क्रमांकासह समोर ठेवली. त्या फेरीत तोवर आम्हाला परिच्छेद ९ महत्त्वाचा आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या वेळी मला फक्त चार सेकंदांची शांतता ऐकू आली आणि मी तिला प्रश्नांमध्ये १४ दिले.

टिपणांवरून रकाना-रकाना वेगळा तपासला तेव्हा पहिल्या स्पीकरचे आले: कायदा २२, वस्तुस्थिती १२, प्रश्न ११, रचना १३, वर्तन ९. बेरीज ६७. तिचे आले: २३, १७, २१, ९ आणि ७. बेरीज ७७. तिने वेळ हुकवली, शेवटचा मुद्दा घाईत उरकला आणि प्रेयर, म्हणजे न्यायालयाकडची शेवटची मागणी, अर्धवट राहिली, म्हणून रचनेत ९. ती शिक्षा बरोबर आहे. पण त्या अडखळण्याची शिक्षा तिला एकदाच, त्याच्याच रकान्यात व्हायला हवी. माझ्या पहिल्या हिशेबात ती पाचही रकान्यांत झाली होती. उच्चाराची धाटणी, इंग्रजीचा सफाईदारपणा, सूट मापाने शिवलेला आहे की उसना, यांना तर कुठल्याच रकान्यात जागा नाही.

रकाना वेगळा ठेवायची एक साधी युक्ती आहे. एका स्पीकरची पूर्ण शीट भरून पुढे जाऊ नकोस. फेरी संपल्यावर प्रश्नांचा रकाना दोन्ही संघांच्या चौघा स्पीकरचा एकत्र भर, मग वस्तुस्थितीचा चौघांचा. बोलणं चालू असताना पेन्सिलीने आकडे टाकायला हरकत नाही, पण पहिल्या स्पीकरचे शेवटचा स्पीकर बसल्याशिवाय पक्के करू नकोस. आणि कायदा कोणाच्या बाजूने आहे ते मोजू नकोस. वाहतूक कंपनीची बाजू मुळात सोपी होती. अवघड बाजू कमकुवत असते म्हणून तिच्या स्पीकरचे गुण कापणं म्हणजे प्रॉब्लेम लिहिणाऱ्याची शिक्षा तिला देणं.

आकड्यांच्या पट्ट्याबद्दलही सांगते. समज तिघे परीक्षक आहेत आणि निकाल एकूण बेरजेवर लागतो. दोघांनी पहिल्या संघाला प्रत्येकी एका गुणाने पुढे ठेवलं, तिसऱ्याने दुसऱ्या संघाला १५ गुणांनी. दुसरा संघ १३ गुणांनी जिंकला, तेही दोघांच्या मताविरुद्ध. म्हणून सगळ्यांना ७२ ते ७५ मध्ये कोंबू नकोस आणि एकट्याने ५५ ते ९५ पर्यंत उड्याही मारू नकोस. आयोजकांनी पट्टा ठरवला असेल तर तो पूर्ण वापर.

प्रश्न विचारताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेव. एका स्पीकरची सहा मिनिटं बेंचनेच खाल्ली असतील तर त्याचा शेवटचा मुद्दा राहिला म्हणून रचनेचे गुण कापू नयेत. वाढीव वेळ एकाला दिलीस तर तशाच परिस्थितीत दुसऱ्यालाही द्यावी लागेल.

आता फीडबॅक. तुला प्रत्येकासाठी दोन-तीन मिनिटं मिळतील. एक जमलेली गोष्ट आणि एक बदलण्यासारखी, दोन्ही टिपणातल्या ठरावीक क्षणासह. ‘आत्मविश्वास वाढव’ असं म्हणू नकोस. ते ऐकून उद्या काय करायचं ते कुणालाच कळत नाही. त्या पहिल्या स्पीकरला आज मी म्हणेन: ‘सहाव्या मिनिटाला हेडनोटचा प्रश्न आला, तू तो पुढे ढकललास आणि परत आला नाहीस. एका वाक्यात उत्तर दे, मग हवं तर तपशील पुढे सांगतो असं म्हण.’ आणि तिला: ‘परिच्छेद ७ मान्य करून ९ वर गेलीस, हे तसंच ठेव. थांबून पान उघडलंस यात काही गैर नाही. प्रेयरसाठी मात्र शेवटचं एक मिनिट राखून ठेव, टाइमकीपरचं कार्ड दिसलं की मुद्दा मध्येच सोडून तिकडे जा.’

गुण सांगू नकोस, कोण जिंकलं हे सुचेल असं काही बोलू नकोस, आणि दोन स्पीकरची तुलना तर कधीच करू नकोस. नव्या परीक्षकांच्या हातून हमखास होणारी आणखी एक चूक: प्राथमिक फेरीतच ‘तुम्ही व्हिक्टोरिया लॉन्ड्री वाचायला हवा होता’ असं सांगून टाकणं. तोच प्रॉब्लेम पुढच्या फेरीत पुन्हा लढवला जाणार असतो आणि तुझ्या खोलीतल्या संघांना तू बाकीच्यांकडे नसलेला निकाल देऊन बसतोस. फेऱ्या चालू आहेत तोवर कौशल्याबद्दल बोल, कायद्याबद्दल ते सगळं संपल्यावर. कुणी वाद घातला तर टिपण बघून जे लिहिलंय ते वाचून दाखव, त्यापलीकडे ओढाताण नको.

मेमोरियलचे, म्हणजे लेखी युक्तिवादाचे, गुण बहुधा वेगळे असतात, ते तोंडी गुणांत मिसळू नकोस. एखाद्या संघात तुझी जवळची मैत्रीण असेल, संघ कोडने आले असले तरी तू आवाजावरून ओळखलंस, तर फेरीआधीच आयोजकांना सांग आणि खोली बदलून घे.

शीट देण्याआधी बेरीज दोनदा कर, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. स्पीकर १ आणि स्पीकर २ यांची नावं रकान्यांत उलटी झालेली नाहीत ना, तेही बघ.

तुझी,
ताई